मांडीची आग, पण चिमटा कमरेला

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाच्या खाली, तळहाताएवढी किंवा त्याहून थोडी मोठी जागा. वरून हात फिरवला तर नीट कळत नाही, आणि आतून मात्र चुरचुरतं, मुंग्या येतात, आग होते. परकराचं किंवा पँटचं कापड घासलं तरी नको वाटतं. भाजी आणायला बाजारात चाललं, लग्नात तासभर उभं राहिलं की वाढतं, आणि खुर्चीत बसलं की थोड्या वेळात उतरतं. पायातली ताकद मात्र जशीच्या तशी असते.

आपल्या खानदेशात अशी तक्रार घरी सांगितली की उत्तर ठरलेलं असतं, "वात शे, शेक ले." जरा शहरातल्या घरात 'मणक्यात नस दबली' असं सांगतात आणि लगेच एमआरआयचा विषय निघतो. यातलं 'नस दबली' एवढं बरोबर आहे. चुकते ती जागा. ही नस मणक्यात दबलेली नसते आणि मांडीतही नसते. ती दबते कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी, जिथून आपण नाडी बांधतो, पट्टा आवळतो, करदोडा घालतो. या आजाराला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. नाव अवघड आहे, पण आजार समजायला सोपा आहे, आणि बऱ्याचदा औषधाशिवाय बरा होणारा आहे.

आधी ती नस कुठून कुठे जाते ते पाहू. कमरेच्या मणक्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यापासून निघणाऱ्या धाग्यांची ती बनते. ओटीपोटाच्या आतल्या बाजूने, कमरेच्या रुंद हाडाला टेकून ती खाली उतरते. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि बोटं पुढे सरकवा. पोटाच्या दोन्ही कडांना हाडाचं एक एक टणक टोक हाताला लागेल. त्या टोकापासून जांघेपर्यंत एक मजबूत पट्टी ताणलेली असते. आपली नस साधारण त्या टोकापासून बोटभर आत, या पट्टीच्या खालून बाहेर पडते, तिथे जवळजवळ काटकोनात वळते आणि मांडीच्या त्वचेत पसरते. अरुंद वाट, वर ताणलेली पट्टी आणि त्यातच वळण, असं सगळं एकाच जागी आल्यामुळे ती तिथे दबते.

शेतात ठिबकची लॅटरल एका जागी मुडपली तर तिथली झाडं हिरवीच राहतात आणि सुकतात ती पुढची. तसंच इथेही नस दबते कमरेपाशी आणि त्रास जाणवतो वीतभर खाली मांडीवर. म्हणून मांडीला कितीही बाम चोळला तरी फरक पडत नाही.

ही नस फक्त त्वचेची आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ती कुठलाही स्नायू हलवत नाही. म्हणून या आजारात पाय लुळा पडत नाही, जिना चढताना गुडघा सुटत नाही, चालताना पाऊल घासत नाही. नसेवर सतत दाब राहिला की तिला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या चेपतात आणि तिच्यावरचं आवरण खराब होतं. मग खरा स्पर्श मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून बधिरपणा येतो. आणि दुखावलेली नस स्वतःच खोटे निरोप पाठवत राहते, त्यामुळे आग होते. बधिर आणि आग एकाच जागी कशी, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. त्याचं उत्तर हे आहे.

दाब दोन्हीकडून येतो. बाहेरून येतो तो घट्ट नाडीचा, जीन्सचा, पोटाखाली आवळलेल्या पट्ट्याचा. लाइनमनच्या अवजारांच्या पट्ट्याचा, बाजारात पैशांची पिशवी कमरेला बांधून दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्याचाही असतो. 1895 साली मॉस्कोचे डॉक्टर रॉथ यांनी घोडदळाच्या सैनिकांमध्ये हाच त्रास पाहिला होता, त्यांचेही पट्टे आवळलेले असत. आतून येणारा दाब वाढलेल्या पोटाचा. पोट पुढे आणि खाली ओघळलं की ती ताणलेली पट्टी खाली ओढली जाते आणि नसेची वाट आणखी अरुंद होते. गरोदरपणात हेच घडतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास आपोआप जातो. बऱ्याच जणांमध्ये दोन्ही दाब एकदमच येतात. वजन आठ-दहा किलोंनी वाढतं, पण नाडीची किंवा पट्ट्याची जागा तीच राहते.

उभं राहिल्यावर त्रास का वाढतो, तेही यातूनच कळतं. उभं राहिलं किंवा लांब पावलं टाकत चाललं की मांडी मागे जाते, जांघ ताणली जाते आणि नसेवर ताण येतो. बसलं की मांडी पोटाकडे वाकते आणि नस सैल पडते. चैत्रात वणीला सप्तशृंगी गडावर पायी जाऊन आलेल्यांपैकी काही जण हीच तक्रार घेऊन येतात, आणि पायांना विश्रांती दिली तरी ती लगेच जात नाही याचं त्यांना नवल वाटतं. चालण्याने फक्त दबलेली नस बोलू लागलेली असते, दबलेली ती आधीपासूनच असते.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या मॅडम, वय 44. वर्गात दिवसभर उभं राहणं, येता-जाता एसटी. गेल्या दीड वर्षात वजन 72 वरून 81 किलोंवर गेलेलं. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला चार महिन्यांपासून आग आणि बधिरपणा. आल्या तेव्हा हातात एमआरआयचं मोठं पाकीट होतं. रिपोर्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकल्याचं लिहिलेलं, आणि कुणीतरी त्यांना 'ऑपरेशन लागू शकतं' असं सांगितलेलं. मॅडमची झोप उडाली होती ती मांडीपेक्षा या वाक्याने.

मी आधी त्यांना बॉलपेन दिलं आणि सांगितलं, "मॅडम, जिथे स्पर्श वेगळा लागतो त्याची कड तुम्हीच आखा." आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरने पडद्याआड कापसाची वात फिरवली, मॅडमने रेघ ओढली. लांबट गोल आकार तयार झाला. खिशाखालून सुरू, गुडघ्याच्या चार बोटं वर संपलेला, मांडीच्या पुढच्या मधल्या रेषेपर्यंत कसाबसा आलेला. आतल्या बाजूला काही नाही, गुडघ्याखाली काही नाही. हा नकाशा त्या एका नसेच्या हद्दीशी बरोबर जुळत होता.

मग गादीचं काय? चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबली, तर सहसा कळ ढुंगणातून निघते, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरते आणि पावलाच्या वरच्या भागाकडे, अंगठ्याकडे जाते. मॅडमचा त्रास गुडघ्याच्या वरच थांबलेला होता. आपल्या मांडीच्या नसेचे धागे निघतात ते त्याच्या वरच्या मणक्यांपासून. म्हणजे फोटोत दिसलेली गादी आणि मांडीतली आग यांचा संबंध जुळत नव्हता. चाळिशीनंतर कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येही अशी थोडी सरकलेली गादी दिसते. रिपोर्ट खोटा नव्हता, पण तो या तक्रारीचं उत्तर नव्हता. हे मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण या आजारात सर्वांत जास्त पैसा आणि भीती खर्च होते ती याच वळणावर.

पुढे ताकद पाहिली. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं, एका पायावर वजन देऊन पायरी चढणं, सगळं व्यवस्थित. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर दोन्ही पाय सारखेच उडाले. उजव्या बाजूच्या हाडाच्या टोकाजवळ बोटाने हलकं ठोकलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "इथून खाली सणक गेली." शेवटी त्यांना डाव्या कुशीवर झोपवलं आणि वर आलेल्या उजव्या कमरेच्या हाडावर तळहाताने खाली दाब देऊन पाऊण मिनिट तसाच धरला. असं केल्याने ती ताणलेली पट्टी थोडी सैल होते. पाऊण मिनिटाच्या आतच आग कमी झाल्याचं त्यांनी स्वतःहून सांगितलं. निदान पक्कं व्हायला एवढं पुरेसं होतं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नाडीचा काळपट वळ कमरेभोवती दिसत होता, आणि तो दोन्ही बाजूंना हाडाच्या टोकांवरूनच गेलेला होता. गाठ उजव्या बाजूला. साडी दिवसभर सुटू नये म्हणून नाडी आवळून बांधायची सवय, आणि वजन वाढल्यावर तीच नाडी आणखी रुतलेली. उन्हाळ्यात घामाने कापड चिकटलं की जळजळ जास्त, असंही त्या म्हणाल्या.

मॅडमना एवढंच सांगितलं की बारीक नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या, तो हाडाच्या टोकांच्या वर, बेंबीच्या पातळीला बांधा, गाठ रोज वेगळ्या जागी घ्या आणि घरी आल्यावर गाऊन किंवा सैल ड्रेस घाला. साडीखाली घालायचं अंगाला घट्ट बसणारं शेपवेअर त्यांनी नुकतंच घेतलं होतं. तेही बंद करायला सांगितलं, कारण ते नाडीसारखं एका रेघेत नाही तर सगळीकडूनच दाबतं. वर्गात अर्ध्या तासाने दोन मिनिटं बसायचं, किंवा उजवा पाय कमी उंचीच्या पाटावर ठेवून उभं राहायचं. रात्री पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी. पालथं झोपायचं नाही.

शेक मात्र थांबवायला सांगितला. त्यांच्या सासूबाई प्रेमाने गरम विटेचा शेक देत होत्या. बधिर कातडीला चटका बसतो तेव्हा तो कळत नाही, आणि कळतो तेव्हा फोड आलेला असतो. मधुमेह असेल तर ती जखम भरायलाही वेळ लागतो. डाग देण्याचा सल्ला कुणी देत असेल तर तो कटाक्षाने टाळा, दुखावलेल्या नसेला त्याने काहीही फायदा होत नाही.

साखरेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मधुमेहात नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, म्हणून तेवढ्याच दाबाला त्या लवकर दबतात. या आजारात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची म्हणजे एचबीए1सीची तपासणी मी करून घेतो. मॅडमची 6.1 आली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. त्यामुळे वजन उतरवण्याला दुसरं कारणही मिळालं. अडचण एवढीच की चाललं की मांडी पेटते, मग व्यायाम कसा करायचा? सुरुवातीला एकदम लांब न चालता दहा-दहा मिनिटं, सैल कपड्यात, छोटी पावलं टाकत दिवसातून तीनदा, आणि घरी मुलाची सायकल स्टँडवर लावून चालवायची, कारण सायकलवर मांडी पुढे वाकलेली राहते.

तीन आठवड्यांत आग निम्म्यावर आली. बधिरपणा तसाच होता आणि त्यामुळे त्या निराश झाल्या. बहुतेकांमध्ये आग आधी जाते आणि स्पर्श सगळ्यांत शेवटी परततो, कारण दाब निघाल्यावरही नसेचं आवरण भरून यायला महिने लागतात. चार महिन्यांनी वजन 76 वर आलं होतं, पेनाने आखलेल्या जागेपैकी बरीचशी पुसली गेली होती, मधोमध थोडी जागा अजून जाड लागत होती. एमआरआयचं पाकीट कपाटात गेलं.

गोळ्यांबद्दल थोडं. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा या आगीवर फार उपयोग होत नाही, आणि त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड यांना त्रास होतो. आगीने झोपच येत नसेल तर डॉक्टर नसेच्या दुखण्यासाठीची वेगळी औषधं देतात, जसं रात्री कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन, किंवा गॅबापेंटिन, प्रीगाबालिन. यांनी सुस्ती आणि चक्कर येऊ शकते. प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिनने काहींचं वजनही वाढतं, आणि जिथे वजनच मूळ कारण आहे तिथे हे विसरून चालत नाही. ताकदीची लाल इंजेक्शनं म्हणजे बी12. ते कमी असेल तर जरूर घ्यावं, पण बी12 कमी झाल्याचा त्रास सहसा दोन्ही पावलांपासून सुरू होतो, एका मांडीवरच्या तळहाताएवढ्या जागेत नाही.

आता ज्या गोष्टींना मेराल्जिया समजून घरी बसू नये, त्या सांगतो. आपल्या भागात पहिला प्रश्न कुष्ठरोगाचा असतो. बधिर चट्टा म्हटलं की तो पाहिलाच पाहिजे. मेराल्जियात कातडीचा रंग सहसा बदलत नाही, आणि आग किंवा मुंग्या असतात. कुष्ठरोगात बहुधा फिकट किंवा लालसर चट्टा दिसतो, त्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस विरळ होतात, आणि आग बहुधा नसते, म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. रंग बदललेला आणि बधिर, असा चट्टा अंगावर कुठेही दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथे औषधं मोफत मिळतात, आजार पूर्ण बरा होतो, आणि लवकर सुरुवात केली तर हातापायांत व्यंग येत नाही. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

दुसरी नागीण. तिची सुरुवातही मांडीवर एका बाजूला आगीने होऊ शकते आणि दोन-चार दिवसांनी तिथे पाण्याचे फोड उठतात. फोड दिसताच डॉक्टरकडे जा, कारण तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त चांगलं काम करतं. तिसरं म्हणजे ताकद. गुडघा अचानक दुमडतो, जिना चढता येत नाही, मांडी बारीक होत चालली आहे, तर मणका किंवा दुसरी मोठी नस तपासायला हवी आणि तिथे एमआरआय नक्की कामाचा आहे. जांघेत किंवा पोटात गाठ लागणं, ताप येणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणं, यातलं काही असेल तर पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी लागते, कारण आत वाढलेली गाठही हीच नस दाबू शकते. आणि लघवी-संडासावरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

कपडे सैल केले, वजन उतरायला लागलं, औषधंही झाली आणि तरी दोन-तीन महिन्यांत आग हटत नसेल, तर पुढची पायरी इंजेक्शनची. हाडाच्या टोकाजवळ, शक्यतो सोनोग्राफीत नस पाहून, तिच्या भोवती बधिर करणारं औषध आणि थोडं स्टेरॉइड देतात. औषध टोचल्यावर काही मिनिटांत आग पूर्ण थांबली तर निदानावरही शिक्कामोर्तब होतं. आग थांबलीच नाही तर नस वेगळ्या वाटेने जात असेल किंवा निदानच पुन्हा तपासायला हवं. काहींच्या शरीरात ही नस पट्टीच्या मधून जाते, काहींच्या हाडावरून. त्यामुळेच एकाच मापाची जीन्स घालणाऱ्या दोघा भावांपैकी एकालाच त्रास होतो. शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते. तिचे प्रकार दोन आहेत. एकात पट्टी कापून नस मोकळी करतात, स्पर्श परत येण्याची आशा राहते पण त्रास पुन्हा होऊ शकतो. दुसऱ्यात नसच कापतात, त्यात आग जाण्याची खात्री जास्त पण ती जागा कायमची बधिर राहते. कोणती करायची हे सर्जनकडून दोन्ही बाजू ऐकून रुग्णाने ठरवायचं. त्या भेटीला जाताना मांडीवर पेनाने आखलेल्या कडेचा फोटो मोबाइलमध्ये, तारखेसकट, सोबत ठेवा.